हप्ते झेपेनासे झाल्यावर बँकेला लिहायचे पत्र: छोट्या दुकानदारासाठी मार्गदर्शक

दुकान चालू आहे, गिऱ्हाईक पूर्णपणे तुटलेले नाही, पण महिनाअखेरीस बँकेचा हप्ता भरण्याइतकी रक्कम उरत नाही, अशा स्थितीतील दुकानदारासाठी हा लेख आहे. अशा वेळी बँकेला कर्जाच्या परतफेडीची पुनर्रचना करण्याची विनंती करता येते. मात्र शाखेत येणारी बहुतेक पत्रे 'धंदा मंदावला आहे, कृपया सहकार्य करावे' एवढेच सांगून थांबतात आणि त्यावर काहीच होत नाही. याचे कारण बहुधा अधिकाऱ्याचा निर्दयपणा नसतो. त्याला वरिष्ठांकडे टिपण पाठवावे लागते आणि त्यात किती हप्ता, किती मुदत आणि तो कशातून फिटणार, हे तीन रकाने भरावे लागतात. पत्रातून ते भरता आले नाहीत तर कागद टेबलावरच राहतो. म्हणून आधी रोख आवक-जावकीचा सुधारित तक्ता करावा, त्यातून झेपणारा हप्ता काढावा आणि पत्र सर्वांत शेवटी लिहावे.

आधी वेळ पाहा

हप्त्याची तारीख उलटली की खाते थकीत होते आणि बँकेची संगणक प्रणाली दिवस मोजू लागते. पहिले ३० दिवस खाते 'एसएमए-०' या विशेष लक्ष ठेवण्याच्या पहिल्या वर्गात, ३१ ते ६० दिवस 'एसएमए-१' मध्ये आणि ६१ ते ९० दिवस 'एसएमए-२' मध्ये धरले जाते. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरते. कॅश क्रेडिट खात्याला हप्ता नसतो, म्हणून तिथे मोजणी वेगळी आहे. उचललेली बाकी मर्यादेपेक्षा किंवा ड्रॉइंग पॉवरपेक्षा, म्हणजे शिलकी मालाच्या हिशेबाने उचलता येणाऱ्या रकमेपेक्षा, सलग ९० दिवस जास्त राहिली, किंवा ९० दिवसांतील जमा रक्कम लावलेल्या व्याजाइतकीही झाली नाही, तर तेही खाते बिघडलेले मानले जाते. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर उचल चालू राहिली तरी ती अनियमित धरतात. मंदीच्या दिवसांत दुकानदार नेमके हेच विवरण द्यायचे विसरतो.

पत्र देण्याची उत्तम वेळ पहिला हप्ता चुकण्याआधीची. तेवढे जमले नाही, तर पहिल्या ३० दिवसांत तरी पत्र शाखेत पोहोचले पाहिजे. साठ दिवस उलटल्यावर शाखेचे लक्ष वसुलीकडे वळलेले असते आणि तीच विनंती टाळाटाळीसारखी दिसू लागते.

पुनर्रचनेची किंमत आधी समजून घ्या

ही बाब शाखेत कुणी आपण होऊन सांगेलच असे नाही. कर्जदार आर्थिक अडचणीत आहे म्हणून बँकेने मुदत वाढवली किंवा हप्ता कमी केला, तर रिझर्व्ह बँकेच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे ती पुनर्रचना ठरते आणि तोवर नियमित असलेले खातेही अनुत्पादक वर्गात उतरवावे लागते. नव्या वेळापत्रकाप्रमाणे ठरावीक काळ, साधारणपणे वर्षभर, समाधानकारक परतफेड झाल्यावरच ते पुन्हा नियमित होऊ शकते. पतमाहिती कंपन्यांच्या अहवालातही ही नोंद उमटते आणि त्या काळात नवे कर्ज मिळणे अवघड जाते. २०१९ मध्ये लघुउद्योगांसाठी आणि २०२१ मध्ये करोनाकाळात खाते नियमित ठेवून पुनर्रचना करण्याच्या खास योजना होत्या. त्यांची मुदत संपली आहे, त्यामुळे त्यांचा हवाला पत्रात देऊ नये.

एक गैरसमजूत उद्यम नोंदणीबद्दल असते. अडचणीतील सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये चौकट आखली आणि रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ती बँकांना लागू केली. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळू लागली, पण ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. म्हणून निव्वळ दुकान चालवणाऱ्याने 'उद्यम असल्याने माझा हक्क आहे' असे न लिहिता, बँकेच्या स्वतःच्या पुनर्रचना धोरणाखाली विचार व्हावा अशी विनंती करावी. दुकानासोबत शिवणकाम, पिठाची गिरणी किंवा दुरुस्ती असा उत्पादनाचा किंवा सेवेचा भाग नोंदवलेला असेल, तर मात्र त्या चौकटीचा उल्लेख अवश्य करावा. पूर किंवा अवर्षण यांमुळे नुकसान झाले असेल, तर नैसर्गिक आपत्तीसाठी बँकांना वेगळे नियम आहेत आणि ते कर्जदाराला अधिक सोयीचे आहेत. आपला तालुका आपद्ग्रस्त म्हणून जाहीर झाला आहे का, हे तहसील कार्यालयात आणि शाखेत विचारावे. पतसंस्थेचे कर्ज असेल, तर ती रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या नियमांखाली येते, म्हणून तिथे संस्थेच्या पोटनियमांपासून सुरुवात करावी लागते.

एवढे समजून घेतल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा. अडचण दोन महिन्यांची आहे की वर्षभराची? दोन महिन्यांची असेल, तर जुना माल विकून, येणी वसूल करून किंवा घरातील ठेव मोडून हप्ते भरणे पुष्कळदा स्वस्त पडते. वर्षभराची असेल आणि मार्ग काढला नाही तर खाते एरवीही ९० दिवसांच्या पुढे जाणारच असेल, तर पुनर्रचना मागणे शहाणपणाचे आहे. पत्र देण्याआधी शाखाधिकाऱ्याला भेटून 'माझ्या खात्याचे वर्गीकरण यामुळे बदलेल का?' असे सरळ विचारावे.

एक उदाहरण घेऊ

तालुक्याच्या गावातील तयार कपड्यांचे आणि शालेय गणवेशांचे एक कल्पित दुकान घेऊ. मालकाने दुकानाच्या फर्निचरसाठी आणि वाढीव मालासाठी १२ लाख रुपयांचे मुदत कर्ज ११ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतले. हप्ता २६,०९१ रुपये. दोन वर्षांचे २४ हप्ते वेळेवर गेले असून मुद्दल सुमारे ७,९७,००० रुपये बाकी आहे. शिवाय ५ लाखांचे कॅश क्रेडिट आहे आणि त्यावर महिन्याला साधारण ४,५०० रुपये व्याज लागते.

पूर्वी महिन्याची सरासरी विक्री, कर सोडून, ३,६०,००० रुपये होती. मालावर २८ टक्के सुटायचे, म्हणजे १,००,८०० रुपये. त्यातून भाडे १४,०००, दोन नोकरांचा पगार २२,०००, वीज-फोन-वाहतूक ७,००० आणि घरखर्च १८,००० असे ६१,००० रुपये आणि कॅश क्रेडिटचे व्याज गेल्यावर सुमारे ३५,३०० रुपये उरत. त्यात हप्ता आरामात बसायचा. मग दुकानासमोर उड्डाणपुलाचे काम सुरू झाले, वाहतूक दुसरीकडून वळवली गेली, गाडी लावायला जागा उरली नाही आणि विक्रीची सरासरी २,४०,००० रुपयांवर आली. आता मालावर ६७,२०० रुपये सुटतात आणि तेच खर्च व व्याज वजा केल्यावर १,७०० रुपये उरतात. हप्ता पूर्ण भरणे सोडाच, मुदत कर्जाचे महिन्याचे ७,३०० रुपये व्याजही त्यातून निघत नाही.

घरखर्च तक्त्यात दाखवायला अनेकांना संकोच वाटतो, पण तो वगळला की तक्ताच खोटा पडतो. मालक पगार घेत नसला तरी घर त्याच गल्ल्यावर चालते, हे अधिकाऱ्याला ठाऊक असते आणि शून्य घरखर्च दिसला की त्याचा उरलेल्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

आपण काय सोसणार, ते आधी ठरवा

बँकेकडे सवलत मागण्याआधी स्वतःच्या बाजूने काय केले, हे दाखवता आले पाहिजे. आपल्या दुकानदाराने धाकट्या नोकराला दुसऱ्या दुकानात काम मिळवून दिले आणि ९,००० रुपये वाचवले. जागामालकाशी बोलून पुलाचे काम चालू असेपर्यंत भाडे ३,००० रुपयांनी कमी करून घेतले आणि ते साध्या कागदावर का होईना, लेखी घेतले. घरखर्च ३,००० रुपयांनी आवळला. त्यामुळे महिन्याचा खर्च ४६,००० वर आला आणि कॅश क्रेडिटचे व्याज धरून ५०,५००. म्हणजे सरासरी महिन्यात १६,७०० रुपये उरू लागले. याखेरीज दोन हंगामांपूर्वीचा पडून राहिलेला माल खरेदीच्या भावात काढून ६०,००० रुपये मोकळे करायचे ठरवले.

जुना माल काढताना एक खाचखळगा सांभाळावा लागतो. कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर शिलकी मालावर ठरते. या दुकानात माल ८,६०,००० रुपयांचा आणि व्यापाऱ्यांचे देणे ८०,००० रुपयांचे आहे. फरकातून २५ टक्के मार्जिन वजा जाता ५,८५,००० रुपये ड्रॉइंग पॉवर येते. साठ हजारांचा माल कमी झाला की ती ५,४०,००० होते आणि ५ लाखांच्या मर्यादेला धोका पोहोचत नाही. पण माल आधीच बेताचा असता, तर मोकळी झालेली रक्कम कॅश क्रेडिटमध्येच अडकली असती आणि तक्त्यातली शिल्लक प्रत्यक्षात हाती आली नसती. आपल्या मंजुरीपत्रातील मार्जिन पाहून हा हिशेब स्वतः करून घ्यावा. काही बँका फार जुना माल मोजतच नाहीत, हेही त्याच पत्रात पाहावे.

रोख आवक-जावकीचा तक्ता

नफा-तोट्याचे पत्रक आणि हा तक्ता यांत फरक आहे. कपडा विकला जातो दिवाळीत, पण व्यापाऱ्याला पैसे द्यावे लागतात त्याच्या महिनाभर आधी. म्हणून तक्त्यात पैसा ज्या महिन्यात खरोखर येतो किंवा जातो, त्याच महिन्यात तो लिहायचा. उधारीची विक्री असेल तर वसुलीच्या महिन्यात लिहायची. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी आपला नाही, म्हणून तो विक्रीत मिसळू नये. पुढील तक्ता ऑगस्टच्या सुरुवातीला, सप्टेंबरपासूनच्या ६ महिन्यांसाठी केला आहे. सर्व आकडे रुपयांत आणि जवळच्या शंभरात आहेत.

| महिना | आरंभी शिल्लक | विक्री आणि जुना माल | मालखरेदी | दुकान व घरखर्च | बँकेचे व्याज | अखेर शिल्लक |
|---|---|---|---|---|---|---|
| सप्टेंबर | २५,००० | २,५०,००० | २,१०,००० | ४६,००० | ११,८०० | ७,२०० |
| ऑक्टोबर | ७,२०० | ३,८०,००० | २,५०,००० | ५९,००० | ११,८०० | ६६,४०० |
| नोव्हेंबर | ६६,४०० | २,९०,००० | १,९०,००० | ४६,००० | ११,८०० | १,०८,६०० |
| डिसेंबर | १,०८,६०० | २,२०,००० | १,४०,००० | ४६,००० | ११,८०० | १,३०,८०० |
| जानेवारी | १,३०,८०० | १,८०,००० | १,२०,००० | ४६,००० | ११,८०० | १,३३,००० |
| फेब्रुवारी | १,३३,००० | १,८०,००० | २,१०,००० | ४६,००० | ११,८०० | ४५,२०० |

ऑक्टोबरच्या खर्चात नोकराचा १३,००० रुपयांचा दिवाळी बोनस आहे. फेब्रुवारीच्या खरेदीत गणवेशाच्या कापडासाठी द्यायची ९०,००० रुपयांची आगाऊ रक्कम आहे. ही शेवटची नोंद महत्त्वाची आहे. ती नसती तर तक्ता सव्वा लाखांहून अधिक शिल्लक दाखवून संपला असता आणि 'एवढी रक्कम शिल्लक राहते तर सवलत कशाला?' असे अधिकाऱ्याने योग्यच विचारले असते. ती दिसल्यावर त्याला कळते की डिसेंबरची शिल्लक जूनच्या हंगामासाठी राखलेली आहे आणि गणवेशाचा हंगाम हुकला तर पुढचे हप्तेही हुकतील.

तक्ता वाचणारा प्रथम सर्वांत वाईट महिना शोधतो. इथे तो सप्टेंबर आहे. पितृपक्षात विक्री मंद, दसरा-दिवाळीच्या मालाचे पैसे मात्र द्यायचे, आणि हाती उरतात ७,२०० रुपये. याच तक्त्यात व्याजाऐवजी जुना हप्ता घातला, तर दर महिन्याला सुमारे १८,८०० रुपये जास्त जातात, सप्टेंबरअखेरच ११,६०० रुपयांची तूट येते आणि दिवाळीने तात्पुरता हात दिला तरी फेब्रुवारीअखेर ती साधारण ६७,५०० रुपयांवर पोहोचते. हा दुसरा हिशेब पत्रासोबत जरूर जोडावा, कारण सवलत न दिल्यास खाते केव्हा थकेल, हे त्यातून बँकेला स्वतःला दिसते.

यानंतर तक्त्याला ताण देऊन पाहावा. विक्री १० टक्क्यांनी कमी झाली आणि खरेदीही त्याच प्रमाणात आवरली, तर ६ महिन्यांत सुमारे ४०,३०० रुपये कमी सुटतील आणि फेब्रुवारीअखेर जेमतेम ४,९०० रुपये उरतील. म्हणजे योजना १० टक्क्यांची घट सोसते, त्याहून फारशी जास्त नाही. हे लपवू नये. त्याहून घट झाल्यास गणवेशाची आगाऊ रक्कम दोन टप्प्यांत देण्याचे व्यापाऱ्याने मान्य केले असेल, तर तसे लिहावे.

मागणी हिशेबातून काढा

आता झेपणारा हप्ता काढू. फक्त मुदत वाढवून मागितली, म्हणजे उरलेल्या ३६ महिन्यांऐवजी ६० महिने, तर हप्ता सुमारे १७,३३० रुपये येतो. पण पुलाचे काम चालू असताना महिन्याला सरासरी १६,७०० रुपयेच उरतात. याचा अर्थ निव्वळ मुदतवाढ पुरत नाही. म्हणून ६ महिने फक्त व्याज आणि त्यानंतर ५४ समान हप्ते, अशी मागणी ठरते. तेव्हा हप्ता सुमारे १८,७८० रुपये होतो.

तो झेपेल का, हेही दाखवायला हवे. काम संपून समोरचा रस्ता खुला झाल्यावर विक्री पूर्वीच्या ३,६०,००० वर लगेच येईल असे धरू नये. गेलेले गिऱ्हाईक हळूहळू परतते आणि काही जण परतत नाहीत. २,८०,००० रुपये धरले तर मालावर ७८,४०० सुटतात. भाडे पुन्हा पूर्ववत होईल, म्हणून खर्च आणि कॅश क्रेडिटचे व्याज मिळून ५३,५०० होतात आणि हप्त्यासाठी २४,९०० उरतात. हे १८,७८० च्या सुमारे १.३३ पट आहे. देण्याइतकीच रक्कम उरणारी योजना बँकेला काठावरची वाटते. साधारण सव्वापटीच्या वर गुणोत्तर असेल तर मागणी टिकण्यासारखी दिसते.

या सवलतीची किंमतही मांडून ठेवावी. जुन्या वेळापत्रकात पुढे सुमारे १,४२,००० रुपये व्याज जाणार होते, नव्यात सुमारे २,६१,००० जाईल. म्हणजे दोन वर्षे अधिक घेण्यासाठी जवळपास १,१९,००० रुपये जास्त मोजावे लागतात. यासाठीच गरजेपेक्षा जास्त सवलत मागू नये, आणि मंजुरीत वेळेआधी रक्कम भरण्याची मुभा असावी अशी विनंती करावी. सवलतीच्या काळात व्याजसुद्धा भरणार नाही, अशी मागणी शक्य तो टाळावी. न भरलेले व्याज कर्जातच चढते, आणि दर महिन्याला थोडी का होईना पण वेळेवर होणारी जमा हा अधिकाऱ्याच्या टिपणातला सर्वांत भक्कम मुद्दा असतो.

पत्राचा नमुना

पत्र शक्यतो एका पानाचे असावे आणि मागणी पहिल्याच परिच्छेदात यावी. भाषा नम्र ठेवावी, पण गयावया करू नये.

> दिनांक: ……
>
> प्रति,
> मा. शाखाधिकारी,
> …… बँक, शाखा ……
>
> विषय: मुदत कर्ज खाते क्र. …… च्या परतफेडीची पुनर्रचना करण्याबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> मी …… या दुकानाचा मालक असून आपल्या शाखेत वरील मुदत कर्ज खाते आणि कॅश क्रेडिट खाते क्र. …… आहे. मुदत कर्जाची सुमारे ७,९७,००० रुपये बाकी ६ महिने केवळ मासिक व्याज आणि त्यानंतर अंदाजे १८,७८० रुपयांच्या ५४ समान मासिक हप्त्यांत फेडण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. कॅश क्रेडिटच्या मर्यादेत मी कोणताही बदल मागत नाही.
>
> ऑगस्टपूर्वीचे सर्व २४ हप्ते मी वेळेवर भरले आहेत. दुकानासमोर उड्डाणपुलाचे काम सुरू झाल्यापासून वाहतूक वळवण्यात आली असून मासिक सरासरी विक्री ३,६०,००० रुपयांवरून २,४०,००० रुपयांवर आली आहे. ही घट जीएसटी विवरणपत्रांत आणि आपल्याकडील खात्यातील जमा रकमांत दिसून येते. कामाच्या मुदतीसंबंधी संबंधित कार्यालयाचे पत्र सोबत जोडले आहे.
>
> खर्चकपातीसाठी मी एक नोकर कमी केला आहे, दुकानाचे भाडे काम संपेपर्यंत लेखी कराराने कमी करून घेतले आहे आणि पडून असलेला माल विकून ६०,००० रुपये व्यवसायात आणत आहे. सोबतच्या तक्त्यानुसार या उपायांनंतर मासिक व्याज नियमित भरता येते, मात्र सध्याचा २६,०९१ रुपयांचा हप्ता भरल्यास सप्टेंबरअखेरपासूनच तूट निर्माण होते. रस्ता खुला झाल्यानंतर २,८०,००० रुपये मासिक विक्री गृहीत धरता प्रस्तावित हप्त्याच्या सुमारे १.३३ पट रक्कम उपलब्ध राहते.
>
> विनंतीवर निर्णय होईपर्यंत मी दरमहा किमान व्याजाइतकी रक्कम भरीन, दुकानाची सर्व जमा आपल्याच शाखेतील खात्यात करीन आणि स्टॉक स्टेटमेंट वेळेवर देईन. पुनर्रचनेमुळे खात्याच्या वर्गीकरणावर होणाऱ्या परिणामाची मला कल्पना आहे. आपण ठरवाल त्या दिवशी दुकानाची पाहणी करावी आणि चर्चेसाठी वेळ द्यावा, ही विनंती.
>
> आपला / आपली विश्वासू,
> (स्वाक्षरी, नाव, दुकानाचा शिक्का, मोबाईल क्रमांक)

पत्रातली 'दरमहा किमान व्याज' ही कबुली पाळता येणार असेल तरच लिहावी. कर्ज मान्य करणारे स्वाक्षरीचे पत्र हा कायद्याच्या दृष्टीने पुरावा असतो आणि १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे त्या तारखेपासून बँकेला वसुलीच्या दाव्यासाठी नव्याने मुदत मिळते. प्रामाणिक कर्जदाराने यामुळे पत्र थांबवण्याचे कारण नाही, पण आकडा मात्र खातेउताऱ्यावरून तपासून लिहावा.

सोबत काय जोडावे

आवक-जावकीचे दोन्ही तक्ते, गेल्या १२ महिन्यांची जीएसटी विवरणपत्रे, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे, ताजे स्टॉक स्टेटमेंट, देणेकरी आणि येणेकरी यांची यादी, आणि अडचणीचा पुरावा एवढे पुरते. आपल्या उदाहरणात तारीख घातलेले दुकानासमोरचे फोटो आणि रस्त्याच्या कामाची मुदत सांगणारे कागद हा पुरावा आहे. 'काम लवकरच संपेल' या वाक्याला किंमत नाही, पण ठेकेदाराला दिलेल्या मुदतीचा कागद माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागता येतो.

सर्वांत जास्त अर्ज एका विसंगतीवर अडतात. पत्रात विक्री २,४०,००० आणि जीएसटी विवरणपत्रात १,५०,००० असेल, तर उरलेली विक्री कुठे गेली, हा प्रश्न येतोच. तसेच विक्री बरोबर दाखवली, पण कॅश क्रेडिट खात्यात जमा तिच्या निम्मीच असली, तर पैसा दुसऱ्या बँकेत वळवला जात असल्याची शंका येते. यूपीआयचा क्यूआर दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला असणे, हे याचे आजकालचे नेहमीचे कारण आहे. तो पत्र देण्याआधीच कर्ज देणाऱ्या बँकेच्या खात्याला जोडून घ्यावा.

पत्र दिल्यानंतर

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि स्वाक्षरी घ्यावी आणि तेच पत्र शाखेच्या अधिकृत ईमेलवरही पाठवावे. निर्णय येईपर्यंत जुना हप्ताच देय असतो, त्यामुळे फक्त व्याज भरले तरी खाते थकीत होऊन दिवस मोजले जातातच. पाठपुरावा म्हणूनच आठवड्याने सुरू करावा. या काळात वसुलीसाठी कुणी फोन केला तर अर्जाची तारीख सांगावी. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असा नियम आहे. एप्रिल २०२४ पासून हप्ता चुकल्याबद्दल दंडव्याज लावता येत नाही. वाजवी दंडशुल्क लावता येते, पण ते मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. हप्ता भरण्यासाठी खासगी सावकाराकडून किंवा मोबाईल ॲपवरून कर्ज घेतले, तर वर मांडलेला तक्ता महिनाभरात निरर्थक होतो.

नकार आला तर कारणे लेखी मागावीत. मुदतीचे किंवा विक्रीच्या अंदाजाचे कारण असेल, तर आकडे बदलून पुन्हा अर्ज देता येतो. अर्जावर ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे तक्रार करावी. त्या तक्रारीलाही ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मात्र सवलत द्यावी की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो आणि लोकपाल तो बदलून देत नाही. तिथे दाद मिळू शकते ती दिरंगाईबद्दल, चुकीच्या आकारणीबद्दल किंवा वागणुकीबद्दल.

मंजुरी आली की पत्र घाईने स्वीकारू नये. व्याजदर वाढवला आहे का, प्रक्रिया शुल्क किती, जादा तारण मागितले आहे का आणि पहिल्या नव्या हप्त्याची तारीख कोणती, हे ओळीने वाचावे. जामीनदाराची नवी स्वाक्षरी लागतेच, कारण त्याच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या तर भारतीय करार कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी सुटू शकते आणि बँक तो धोका पत्करत नाही. म्हणून जामीनदाराला पत्र देण्याआधीच विश्वासात घ्यावे. पुनर्रचना त्याच्या संमतीसाठी महिनाभर अडकते, तेव्हा दिवस मोजणे थांबत नाही.

शेवटचे काम हप्त्याच्या स्वयंचलित वसुलीचे आहे. हप्ता दुसऱ्या बँकेतील खात्यातून एनएसीएच आदेशाने जात असेल, तर जुना २६,०९१ रुपयांचा आदेश तसाच राहतो, रक्कम न सापडल्याने परत जातो आणि दोन्ही बँका शुल्क लावतात. मंजुरीपत्रावर सही करतानाच जुना आदेश रद्द केल्याची लेखी नोंद घ्यावी, नवा आदेश द्यावा आणि पहिल्या महिन्यात खातेउतारा उघडून किती रक्कम वळती झाली ते स्वतः पाहावे. त्यानंतर दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी-शेजारी लिहिलेला एक पानाचा तक्ता स्टॉक स्टेटमेंटसोबत शाखेत द्यावा आणि त्याचीही पोहोच ठेवावी.